दारात गाय, गाय दारात

नमस्कार श्रोतेहो.

'दारात गाय उभी आहे.' आता हेच वाक्य जरा फिरवतो. 'गाय दारात उभी आहे.' शब्द तेच चार, पण पहिलं ऐकून घरातलं माणूस विचारतं, "कोणाची गं?" आणि दुसरं ऐकून म्हणतं, "मग बांध ना तिला गोठ्यात." पहिल्या वाक्यातली गाय कोणतीतरी आहे, दुसऱ्यातली आपली, माहितीतली. अहिराणीतही तसंच. 'दारमा गाय उभी शे' म्हटलं की ऐकणारा बाहेर डोकावतो.

अनोळखी गोष्ट कोणती आणि ओळखीची कोणती, हे आपण शब्दाच्या जागेवरून आणि बोलण्याच्या ओघातून सांगतो. इंग्रजीत तेच काम अ, ॲन आणि द ही उपपदं करतात. आपल्या मुलांची उपपदं गळतात याचं मूळ इथे आहे. मराठीतून वाक्य जुळवताना या कामासाठी वेगळा शब्द लागतच नाही, म्हणून तो आठवतही नाही. त्यात बोलताना इंग्रज माणूस उपपदांवर जोर देत नाही. कानावर नीट न पडलेला शब्द हातून उतरणार कसा?

मी खानदेशातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं. दहावीच्या एका मुलीची गोष्ट माझ्याकडे तपासायला आली होती. ती तिच्याच शब्दांत वाचतो. 'ओल्ड फार्मर लिव्हड इन व्हिलेज निअर रावेर. ही हॅड काऊ. वन डे काऊ फेल इन्टू वेल. फार्मर कॉल्ड नेबर. नेबर ब्रॉट रोप. विथ हेल्प ऑफ रोप दे पुल्ड काऊ आउट.' क्रियापदं बिनचूक, गोष्ट सरळ आणि उपपद एकही नाही.

तिला मी पेन्सिल दिली आणि म्हटलं, "नामांवर बोट ठेव. रावेर हे गावाचं नाव, त्याला सोड. बाकी प्रत्येकाला विचार, हे मोजता येतं का, आणि इथे एकच आहे का?" काऊ मोजता येते, इथे एकच आहे. इंग्रजीत असं नाम उघडं फिरत नाही. त्याच्यापुढे अ, द, माय, धिस, काहीतरी हवंच. मग दुसरा प्रश्न. "वाचणाऱ्याला ही गाय ठाऊक आहे का?" पहिल्यांदा आली तेव्हा नव्हती, म्हणून 'अ काऊ'. विहिरीत पडली ती तीच, म्हणून 'द काऊ'. शेजारी पहिल्यांदा आला तेव्हा 'अ नेबर', दोर आणला तेव्हा 'द नेबर'. दोर आणला तेव्हा 'अ रोप', ओढला तेव्हा 'द रोप'. फार्मरच्या आधी ओल्ड आहे, म्हणून ॲन. अ की ॲन हे लगेच पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं, नामावर नाही. हेल्प मोजता येत नाही, पण कशाची मदत ते पुढे 'ऑफ'ने सांगितलंय, म्हणून 'द हेल्प'.

विहिरीशी ती अडली. तिनं विचारलं, "सर, गावात एकच विहीर असली तर?" प्रश्न फार चांगला होता. वाचणाऱ्याला ती विहीर आधीच ठाऊक असेल तर 'द वेल' बरोबर. इथे ती पहिल्यांदाच येते, म्हणून 'अ वेल'. सहा ओळींच्या गोष्टीत अशी बारा उपपदं भरली गेली.

आता मराठीचा आधार घेताना एक धोका आहे. 'एक' जिथे येतो तिथे अ, असं मुलं धरून चालतात. पण 'माझे वडील शिक्षक आहेत' यात एक कुठे आहे? इंग्रजीत मात्र 'माय फादर इज अ टीचर' म्हणावंच लागतं. धंदा, हुद्दा सांगताना ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. उलट आपण 'एक सल्ला देतो' म्हणतो, म्हणून मुलं 'ॲन ॲडव्हाइस' लिहितात. इंग्रजीत ॲडव्हाइस मोजत नाहीत, इन्फर्मेशन आणि फर्निचरही नाही.

नियम कळल्यावर काही मुलं जिथे तिथे द लावू लागतात. 'द जळगाव', 'द ऑनेस्टी'. गावाला द नाही, पण नदीला आहे, 'द तापी'. सर्वसाधारण प्रामाणिकपणाला नाही. आणि 'गो टू स्कूल', 'गो टू बेड' ही तशीच पाठ करायची. तिथे प्रश्न विचारून काही निघत नाही.

पेपरात शेवटची पाच मिनिटं यासाठी ठेवा. फक्त नामं पाहायची आणि शेवटच्या वाक्याकडून वर यायचं. वरून वाचलं की गोष्ट ओढून नेते आणि मन गाळलेले शब्द स्वतःच भरून घेतं. खालून वर येताना उघडं नाम दिसतं. मग ते नाम आधी आलंय का, एवढं वरच्या ओळींत बघायचं. त्या मुलीनं पुढच्या निबंधात असं पाहिलं, तेव्हा तिला स्वतःलाच सात जागा सापडल्या. आठवी राहिली होती, 'माय मदर इज नर्स'.