क्रिएटिन सोडलं की बॉडी 'उतरते', ती नेमकी कितव्या दिवशी?

जिममध्ये मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न 'क्रिएटिन घेऊ का' हा नाहीये, तो आता जुना झाला, घेतातच सगळे. विचारतात ते हे, की सर एकदा घेतलं की आयुष्यभर घ्यावं लागतं का, बंद केलं तर बॉडी फुस्स होते का, आमच्यातला एकजण सोडून बघत होता, दोन दिवसांत पार गळून गेला. आज मी त्या 'दोन दिवसांत' या शब्दांवरच बोलणार आहे, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

आधी ही भीती कुठून आली ते बघू. ती क्रिएटिनची नाहीच, ती उसनी आहे. स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली की शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं थंडावतं आणि सोडल्यावर ते परत नीट सुरू व्हायला महिनोन्‌महिने जाऊ शकतात, ती पडझड खरी आहे, ज्यांनी भोगली त्यांना विचारा. आता दुकानात क्रिएटिनच्या पावडरचा डबा त्याच कपाटात, सांगणारा ट्रेनरही बऱ्याचदा तोच, त्यामुळे पोरांच्या डोक्यात दोन्हीची भेसळ झालीय. क्रिएटिन हार्मोन नाही, जोराच्या कामाला स्नायूला झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ आहे. ते तुमचं शरीर रोज बनवतं, सुरुवात किडनीत आणि शेवटचा टप्पा लिव्हरमध्ये, दिवसाला साधारण 1 ग्रॅम, आणि मटण-मासे खाणाऱ्याला जेवणातून आणखी साधारण तेवढंच मिळतं. शाकाहारी माणसाला जेवणातून जवळपास काहीच मिळत नाही, दुधात असतं पण नावापुरतं.

आता थोडा हिशोब करू, घाबरू नका, दुकानातल्या वहीइतकाच सोपा आहे. 70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं 95 टक्के स्नायूंमध्ये. यातलं रोज पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आपोआप मोडून क्रिएटिनिन होतं आणि लघवीतून निघून जातं, म्हणजे साधारण 2 ग्रॅम. गेलं तेवढं शरीर बनवून आणि खाऊन भरून काढतं. पावडर सुरू केली की स्नायूतला साठा ढोबळमानाने 20 टक्के वाढतो, म्हणजे 120 चे 140-145 ग्रॅम, आणि मग तो थांबतो, कारण स्नायूची धरून ठेवायची मर्यादा असते, तुम्ही दोन चमचे जास्त टाका, ते लघवीत जाणार.

हे सगळं स्नायूचा छोटा तुकडा काढून मोजलेलं आहे बरं का, कुणी अंदाजाने सांगितलेलं नाही. स्वीडनमध्ये हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली पुरुषांवर ते केलं, एका गटाला रोज 20 ग्रॅम सहा दिवस, दुसऱ्याला रोज फक्त 3 ग्रॅम 28 दिवस, दोन्ही गट शेवटी त्याच पातळीला पोचले. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, बंद केल्यावर साठा हळूहळू खाली येत साधारण 30 दिवसांत मूळ जागी आला. मूळ जागी, तिच्याखाली नाही, हे लक्षात ठेवा.

मग 'शरीर स्वतः बनवायचं विसरतं' याचं काय? यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते इतकं पसरतं. बाहेरून भरपूर क्रिएटिन आलं की किडनीतलं जे एन्झाइम पहिली पायरी करतं ते मंदावतं, शरीर म्हणतं आयतं मिळतंय तर मी कशाला करू. पण पावडर थांबली, रक्तातलं क्रिएटिन उतरलं, की ते परत कामाला लागतं. बायकांवर दहा आठवड्यांचा एक प्रयोग झालाय, व्हांडेनबर्गे आणि मंडळींचा, 1997 चा, त्यात क्रिएटिन थांबवल्यावर चार आठवड्यांत स्नायूतली पातळी नेहमीची झाली होती. तो कारखाना बंद पडला असता तर पातळी नेहमीच्याही खाली गेली असती ना, तसं झालं नाही.

आता एक केस घेऊ. पोरगा 27 वर्षांचा, 70 किलो, शाकाहारी, सहा महिने रोज 5 ग्रॅम क्रिएटिन आणि सोबत संध्याकाळी वर्कआउटच्या आधी प्री-वर्कआउटचा एक स्कूप. गणपतीला गावी गेला, डबे पुण्यातच राहिले, गावात तालीम होती म्हणून व्यायाम सुरू ठेवला. तिसऱ्या दिवशी फोन, सर पार फ्लॅट झालोय, डोकं दुखतंय, बार हातात घ्यायची इच्छा होत नाही, 70 किलोला आठ रेप मारायचो तिथे सहा होतायत, आरशात हात पण बारीक दिसतोय, क्रिएटिनची सवय लागली बहुतेक.

चला मोजू. समजा त्याच्या अंगात 140 ग्रॅम होतं. शाकाहारी आहे म्हणजे सुरुवातीचा साठा 120 पेक्षा थोडा कमीच असणार, पण राहू द्या. अगदी वाईटातलं वाईट धरू, की या तीन दिवसांत त्याने खाण्यातून शून्य घेतलं आणि शरीराने पण शून्य बनवलं, संप पुकारला. तरी रोज गेलं किती, 2.4 ग्रॅमच्या आसपास, तीन दिवसांचे 7 ग्रॅम. उरले 133. म्हणजे पावडर सुरू करायच्या आधी होतं त्यापेक्षा अजूनही जास्त! मग जो माणूस 120 वर ठणठणीत व्यायाम करत होता तो 133 वर गळून कसा जाईल? तिसऱ्या दिवशीचं गळणं क्रिएटिनचं असूच शकत नाही, वेळच जुळत नाही.

मग कशाचं होतं? पहिला संशयित त्या दुसऱ्या डब्यात बसलाय. प्री-वर्कआउटच्या स्कूपमध्ये बऱ्याचदा 200 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, म्हणजे दोनेक कप कडक कॉफी, आणि कॅफिन मात्र सवय लावतं, अगदी शास्त्रीय अर्थाने. सोडल्यावर 12 ते 24 तासांत डोकं धरतं, सुस्ती, चिडचिड, कशात लक्ष नाही, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि मग आठवडाभरात निवळतं. त्याचा फोन परत वाचून बघा, शब्द न्‌ शब्द जुळतोय. दोन्ही डबे एकाच वेळी सुटले आणि आळ आला बिचाऱ्या क्रिएटिनवर, कारण नाव त्याचंच जास्त ऐकलेलं.

दुसरं, झोप. गणपतीत रात्री भजन, सकाळी लवकर उठून नैवेद्याची गडबड, हे मी सांगायला नको. हात बारीक दिसण्याचं सांगतो, फुगलेपणा हा पुष्कळसा स्नायूत साठलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, आणि त्याने धरलेल्या पाण्याचा असतो, भात-पोळी कमी झाली, कडक उपास झाले की दोन दिवसांत स्नायू सपाट दिसतात. या पोराचं तसं नव्हतं, तो मोदक हाणत होता, त्यामुळे आरशातला बारीक हात मी त्याच्या डोक्यात टाकतो.

आणि डोक्यातलं म्हणजे खोटं नाही हां, यावर कुणी हसू नका. 2000 साली पॉवरलिफ्टरांवर एक प्रयोग झाला, मॅगनारिस आणि सहकाऱ्यांचा. चांगल्या दर्जाच्या लिफ्टरांना गोळ्या दिल्या, सांगितलं की झटपट काम करणारं स्टेरॉइड आहे, होतं नुसतं सॅकरीन, साखरेऐवजी वापरतात ते. त्यांचं स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट वाढलं. मग त्यातल्या काहींना खरं सांगून टाकलं, की बाबा यात काही नव्हतं, तर त्यांची वाढ जवळपास विरून गेली आणि ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांची टिकली. पोटात दोघांच्याही काहीच नव्हतं, बदललं ते फक्त 'माझ्याकडे ते आहे' हे. शेकर हलवायचा, पाच मिनिटं बसायचं, गाणं लावायचं, मग बारला हात, यातला शेकर काढून घेतला की सेट सुरू व्हायच्या आधीच माणूस दोन रेप हरलेला असतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते आणि सोपी आहे. खोलीतल्या पार्टनरला सांगा, दोन आठवडे रोज लिंबू सरबताचा मोठा ग्लास तूच बनवून दे, एक आठवडा 3 ग्रॅम क्रिएटिन घालून, एक आठवडा न घालता, आधी कुठला ते मला सांगायचं नाही, कागदावर लिहून ठेव. कोमट पाण्यात करायला सांगा, गार पाण्यात पावडर तळाशी रवाळ राहते आणि तुम्हाला लगेच कळतं. कॅफिन दोन्ही आठवडे सारखंच ठेवा. रोजचे रेप आणि 'आज फ्लॅट वाटलं का' एवढं लिहा. बरेचजण मला म्हणतात एका आठवड्यात क्रिएटिन कुठे उतरतं, मग टेस्टचा काय उपयोग, अहो तोच तर उपयोग! त्या आठवड्यात साठा फारसा हलतच नाही, म्हणून जो फरक वाटेल तो क्रिएटिनचा नाही, डोक्यातला. क्रिएटिनचं स्वतःचं काम मोजायचं असेल तर मात्र हा प्रयोग कुचकामी आहे, त्याला पाच-सहा आठवडे बंद ठेवावं लागेल.

आणि त्या पाच-सहा आठवड्यांनंतर काहीतरी जातं, ते मी लपवणार नाही. वजन किलो-दीड किलो उतरतं, ते स्नायूच्या आत धरलेलं पाणी. आणि जड सेटच्या शेवटी, किंवा कमी विश्रांतीवर तिसऱ्या-चौथ्या सेटला, एखादा रेप कमी पडतो, कारण क्रिएटिन कामाला येतं ते पहिल्या दहाएक सेकंदांच्या जोरदार कामात आणि दोन सेटच्या मधल्या भरपाईत. शाकाहाऱ्याचा मूळ साठा कमी, म्हणून वाढतंही जास्त आणि उतरलेलंही थोडं जास्त जाणवू शकतं. पण या सहा महिन्यांत त्या जादाच्या रेपमुळे जो स्नायू बांधला गेला तो तसा वाहून जात नाही. कॅनडात कँडो आणि मंडळींनी 2004 मध्ये वयस्कर पुरुषांचं क्रिएटिन थांबवून 12 आठवडे बघितलं, व्यायाम आधीपेक्षा कमी पण चालू होता, तर क्रिएटिन सोडलेल्यांची ताकद किंवा मांस आधी क्रिएटिन न घेतलेल्या गटापेक्षा वेगाने घटलं नाही. व्यायामच सोडला तर बॉडी उतरणारच, मग डबा घरात असो नसो. नेमकं हेच होतं बहुतेकांचं, परीक्षा आली, लग्न आलं, जिम आणि पावडर एकदमच सुटतं आणि नाव पावडरचं होतं.

आमच्या त्या पोराला मी एवढंच सांगितलं की डबा मागवू नकोस, सकाळी एक कप कॉफी घे आणि एक रात्र नीट झोप. चौथ्या-पाचव्या दिवशी आठचे आठ झाले, पावडर नसताना. महिन्याने पुण्यात परत भेटला तेव्हा वजन किलोभर कमी होतं आणि शेवटच्या सेटला एक रेप कमी, ते मात्र खरोखर क्रिएटिनचं.

परत सुरू करायचं का हे त्याने विचारलं, करायचं तर कर, रोज 3 ग्रॅम, सुरुवातीला रोज 20 ग्रॅमच्या लोडिंगची घाई नको, महिनाभरात साठा भरतो. सोडताना हळूहळू कमी करत आणायची पण गरज नाही, साठा स्वतःच हळूहळू उतरतो. फक्त चालू असताना रक्त तपासणी केलीत आणि क्रिएटिनिन जरा वर आलं तर डॉक्टरांना पावडरचं सांगा, आणि ते म्हणाले तर काही आठवडे बंद ठेवून परत तपासा.