कोपऱ्यातली रंगीत किनार: लेन्स प्रोफाइल काय सुधारतं आणि काय नाही

[दृश्य: निष्पर्ण झाडाच्या फांद्या, मागे पांढरट आभाळ. चित्र हळूहळू वरच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकतं, शंभर टक्क्यांवर थांबतं.]

निवेदन:
फोटो आहे २४ मिलिमीटरच्या वाइड अँगल लेन्सचा. अ‍ॅपर्चर एफ/४, रिझोल्यूशन ६००० बाय ४००० पिक्सेल. मधल्या भागात फांद्या काळ्या आणि रेखीव दिसतात. कोपऱ्यात मात्र बऱ्याच फांद्यांना एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर किनार आहे, आणि तिथला तपशीलही पुसट झालाय.

आधी ही किनार कोणत्या जातीची आहे ते ओळखायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो.

[दृश्य: कोपऱ्यातल्या दोन फांद्या. एक फ्रेमच्या केंद्राच्या रोखाने गेलेली, दुसरी तिला आडवी.]

केंद्राच्या रोखाने गेलेली फांदी जवळपास स्वच्छ आहे. आडव्या फांदीला रंग आहे: केंद्राकडच्या कडेला लाल, बाहेरच्या कडेला निळा. मध्यापासून जितकं दूर जावं तितकी ही किनार रुंद होत जाते. या तीन खुणा एकत्र दिसल्या तर हे लॅटरल क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन. लेन्स लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या प्रतिमा किंचित वेगवेगळ्या आकाराच्या बनवते. इथे लाल प्रतिमा हिरवीपेक्षा जरा मोठी आहे आणि निळी जरा लहान. अ‍ॅपर्चर कितीही बंद करा, हा फरक हटत नाही.

दुसरी जात वेगळी दिसते. तिथे किनार फ्रेमच्या मध्यातही असते, वस्तूच्या सगळ्या बाजूंनी एकाच रंगाची असते, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट होते, आणि अ‍ॅपर्चर दोन स्टॉप बंद केलं की बरीचशी जाते. हे अ‍ॅक्सियल अ‍ॅबरेशन. लेन्स प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सच्या दोषांची आधीच मोजून ठेवलेली माहिती, त्याला हात लावत नाही. त्यासाठी लाइटरूममध्ये Defringe आहे, पण जपून वापरायचं. तो स्लायडर ठरावीक रंगछटेच्या कडा फिक्या करतो, त्यामुळे जांभळ्या फुलाच्या पाकळीची कडही राखाडी पडू शकते.

आपल्या फांद्या पहिल्या जातीच्या आहेत. प्रोफाइलचं काम इथे सुरू होतं.

[दृश्य: हिरवी चौकट स्थिर. लाल चौकट तिच्याहून किंचित मोठी, निळी किंचित लहान.]

प्रोफाइलमधला रंगाचा भाग म्हणजे मुळात दोन आकडे. समजा लालचा आकडा १.०००४ आणि निळ्याचा ०.९९९७. हिरवा जागच्या जागी राहतो आणि बाकीच्या दोघांना त्याच्यावर बसवलं जातं. आकडे दिसायला क्षुल्लक आहेत, पण हिशोब करून पाहू. या फोटोत केंद्रापासून कोपरा सुमारे ३६०६ पिक्सेलवर आहे. त्याला ०.०००४ ने गुणलं की १.४४ पिक्सेल. म्हणजे कोपऱ्यात लाल प्रतिमा जवळजवळ दीड पिक्सेल बाहेर पडलीय आणि निळी एका पिक्सेलहून किंचित जास्त आत. दोघांमधलं अंतर अडीच पिक्सेल. केंद्रापासून हजार पिक्सेलवर हेच अंतर पाऊण पिक्सेलहूनही कमी भरतं, म्हणून मध्याजवळ काही खटकत नाही.

आता हाच फोटो कृष्णधवल करून पाहा. रंग गेला, पण कोपऱ्यातल्या फांद्या अजून पुसटच. आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात लाल रंगाचा वाटा साधारण २१ टक्के, निळ्याचा ७ टक्के आणि उरलेला हिरव्याचा. पाचवा हिस्सा उजेड दीड पिक्सेल सरकलेला असेल तर कड रेखीव राहणार नाही. म्हणजे कोपऱ्यातला जो पुसटपणा लेन्सच्या शार्पनेसच्या नावावर खपतो, त्याचा एक भाग या न जुळलेल्या रंगांचाच असतो. तेवढा भाग प्रोफाइलने खरोखर परत मिळतो. धारदारपणा वाढवायच्या आधी रंग जुळवायचे ते यासाठी. उलट क्रमाने गेलात तर रंगीत किनारच धारदार होते.

[दृश्य: डार्कटेबलचा संपादन विभाग. lens correction मॉड्यूल उघडतं.]

डार्कटेबलमध्ये हे काम lens correction या मॉड्यूलमध्ये होतं. correction method मध्ये lensfun database निवडलेलं असेल तर ते लेन्सफन नावाच्या मुक्त डेटाबेसमधून माहिती घेतं. रॉ फाइल उघडायची, मॉड्यूल सुरू करायचं आणि कॅमेरा व लेन्सची नावं बरोबर ओळखली गेली आहेत का ते वाचायचं. विजेरी संपर्क नसलेल्या अ‍ॅडॅप्टरवर लेन्स असेल तर फाइलमध्ये लेन्सचं नावच नसतं, मग ते यादीतून हाताने निवडावं लागतं आणि फोकल लेंथही हाताने भरावी लागते. नवी लेन्स यादीत सापडत नसेल तर डेटाबेस ताजा करायचा:

```
lensfun-update-data
```

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. मॉड्यूलच्या तळाशी corrections done अशी ओळ असते. तिथे नेमकं काय सुधारलं गेलं ते लिहिलेलं असतं. लेन्सफनमधल्या अनेक लेन्सना फक्त डिस्टॉर्शनची, म्हणजे सरळ रेषा वाकण्याची, मोजमापं आहेत, रंगाची नाहीत. त्या ओळीत TCA, म्हणजे या रंगीत किनारीची दुरुस्ती, दिसत नसेल, तर मॉड्यूल चालू असूनही किनारीला काहीच झालेलं नाही.

लाइटरूममध्येही असाच चकवा आहे. तिथे Enable Profile Corrections आणि Remove Chromatic Aberration या दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिली डिस्टॉर्शन आणि कोपऱ्यांचा अंधार सुधारते. रंगीत किनार जाते दुसरीने, आणि ती लेन्सचं प्रोफाइल न बघता चित्रातल्या कडाच तपासून रंग जुळवते. फक्त पहिली खूण करून प्रोफाइलला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

[दृश्य: टर्मिनलची खिडकी.]

आपल्या लेन्सची रंगाची मोजमापं नसतील तर ती स्वतः काढता येतात. ट्रायपॉडवरून, एफ/८ वर, सगळ्यात कमी आयएसओ ठेवून, कोपऱ्यापर्यंत ठसठशीत काळ्यापांढऱ्या कडा येतील असा फोटो घ्यायचा. खिडक्यांची दूरवरची इमारत उत्तम. लेन्सच्या सगळ्या सुधारणा बंद ठेवून तो टिफ म्हणून काढायचा आणि हगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारी ही आज्ञा चालवायची:

```
tca_correct -o v photo.tif
```

उत्तरात -r नंतर चार आकडे येतात, -b नंतर चार. प्रत्येकातला शेवटचा आकडा आपल्या कामाचा. डार्कटेबलमध्ये TCA overwrite वर खूण करून TCA red आणि TCA blue मध्ये ते भरायचे. झूम लेन्स असेल तर हे आकडे त्या एकाच फोकल लेंथपुरते खरे. २४ चे आकडे ७० वर चालत नाहीत.

आकडे बरोबर बसले की नाही, हे किनारच सांगते. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली तर रंग त्याच बाजूंना राहतात पण किनार जाड होते. रंगांनी बाजू बदलली, म्हणजे आतल्या कडेचा लाल बाहेर आला, तर सुधारणा गरजेपेक्षा जास्त झालीय. याचं नेहमीचं कारण म्हणजे तीच दुरुस्ती दोनदा लागणं. एक तर raw chromatic aberrations हे मॉड्यूलही सोबत चालू असतं, किंवा फाइल रॉ नसून जेपेग असते आणि कॅमेऱ्याने आतच काम उरकलेलं असतं. दोन मॉड्यूलपैकी एकच ठेवावं. जेपेगवर तर प्रोफाइल लावायच्या फंदात सहसा पडू नये.

[दृश्य: कोपरा पुन्हा शंभर टक्क्यांवर. रंग गेलाय. फांद्या आधीपेक्षा रेखीव, पण मध्यासारख्या नाहीत.]

उरलेल्या पुसटपणाला कोमा, अ‍ॅस्टिग्मॅटिझम आणि फोकसच्या प्रतलाची वक्रता जबाबदार आहे. नुसतं पिक्सेल सरकवून तो जात नाही. उलट प्रोफाइलचाच एक भाग त्यात भर घालतो. बॅरल डिस्टॉर्शन सरळ करताना कोपरे बाहेर ताणले जातात. कोपरा केंद्रापासून ५ टक्के बाहेर सरकवायचा असेल आणि डिस्टॉर्शन साध्या घन सूत्राचं असेल, तर त्या टोकाशी चित्र केंद्राच्या रोखाने सुमारे १५ टक्के ताणलं जातं. लेन्सने दहा पिक्सेलमध्ये नोंदवलेला तपशील साडेअकरा पिक्सेलवर पसरतो. इमारतीच्या फोटोत हे सोसावंच लागतं. फांद्यांना सरळ रेषांचं काय सोयरसुतक? corrections मध्ये TCA & vignetting निवडलं की डिस्टॉर्शन तसंच राहतं आणि कोपरा ताणला जात नाही.

अंधाराची भरपाईही फुकट नसते. कोपरा दोन स्टॉप उजळवला म्हणजे तिथली नोंद चौपट केली. आयएसओ ४०० च्या फोटोतला कोपरा दाणेदारपणात १६०० सारखा दिसू लागतो. त्यावर धार चढवली की आधी दाणेच धारदार होतात. झाडांच्या फोटोत भरपाई निम्म्यावर ठेवली तरी चालते.

[दृश्य: उलटा केलेला लंबवर्तुळाकार मास्क. कोपरे पिवळे दिसतात.]

उरलेली धार फक्त कोपऱ्यांना द्यायची. डार्कटेबलमध्ये diffuse or sharpen हे मॉड्यूल घेऊन lens deblur: soft हा तयार संच लावायचा, लंबवर्तुळाकार मास्क काढून तो उलटवायचा आणि त्याची कड भरपूर रुंद ठेवायची, नाहीतर धार कुठे सुरू झाली ती रेषा आभाळात दिसते. फांद्यांभोवती पांढरी वलयं उमटली तर मात्रा जास्त झाली. डीएक्सओ फोटोलॅबचं लेन्स शार्पनेस आणि कॅननचं डिजिटल लेन्स ऑप्टिमायझर हेच काम मोजलेल्या माहितीवरून करतात, म्हणून तिथे मास्कची गरज पडत नाही. पण जो तपशील लेन्सने नोंदवलाच नाही, तो त्यांनाही आणता येत नाही. तो मिळवायचा तर फोटो एफ/४ ऐवजी एफ/८ वर घ्यायला हवा होता.

[दृश्य: चारही कोपरे शेजारी शेजारी. डावे दोन बरे, उजवे दोन धूसर.]

चारही कोपरे असे शेजारी ठेवून पाहिले की कधीकधी वेगळंच निघतं: डावीकडे सगळं ठीक, उजवीकडे रंगही आणि धूसरपणाही. इथपर्यंतची प्रत्येक दुरुस्ती लेन्स केंद्राभोवती सगळीकडे सारखी आहे असं गृहीत धरते. एखादं भिंग आतून सरकलेलं किंवा तिरकं बसलेलं असेल तर ते गृहीतकच कोसळतं. उजवीकडे बसणारे आकडे डावीकडे उलटी किनार काढतात. खात्रीसाठी सपाट भिंतीसमोर ट्रायपॉड लावा, सेन्सर भिंतीला समांतर ठेवा, एक फोटो घ्या, मग कॅमेरा उलटा धरून दुसरा घ्या. धूसर बाजू दोन्ही फाइलींत उजवीकडेच राहिली तर दोष लेन्समध्ये किंवा तिच्या माउंटमध्ये. दुसऱ्या फाइलीत ती डावीकडे गेली, म्हणजे भिंतीच्या त्याच टोकाला चिकटून राहिली, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता आणि चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.