मधाच्या बाटलीचा भाव पेटीपासून काढा

मंडळी, मधाचा भाव ठरवताना बहुतेक मधपाळ आधी बाजारात डोकावतात. मोठ्या कंपनीची बाटली अमुक रुपयांना मिळते, शेजारचा तमुक रुपये घेतो, मग आपण मधला आकडा लावू. पण त्या आकड्यात तुमच्या पेट्यांनी किती मध दिला, याचा पत्ताच नसतो. मेलिफेरा माशीच्या पेट्या ट्रकने फुलोऱ्यामागे फिरवणारा माणूस एका पेटीतून २५-३० किलो काढू शकतो. सातेरी या देशी माशीची पेटी एका जागी राहून पाच-सहा किलो देते. या दोघांचा भाव सारखा असूच शकत नाही.

आज आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. महाबळेश्वर-जावळी पट्ट्यातला मधपाळ, सातेरीच्या २५ पेट्या, सगळ्या एका जागी. रुपयांचे आकडे हिशोब समजण्यापुरते धरलेले आहेत. घरी गेल्यावर त्यांच्या जागी स्वतःचे घाला, रीत तीच ठेवा.

पहिल्यांदा वर्षाचा खर्च. स्टँडसकट एक पेटी ३,००० रुपयांची आणि ती दहा वर्षे टिकते असे धरले, तर पेटीमागे वर्षाला ३०० आणि २५ पेट्यांचे ७,५०० रुपये झाले. सातेरी पळून जाते, मेणकिडा लागला की पोळे सोडते, पावसाळ्यात उपासमार झाली तर वसाहत मरते. २५ पैकी पाच वसाहती दरवर्षी नव्याने भराव्या लागतात असे समजू. प्रत्येकी २,००० प्रमाणे १०,००० रुपये. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो, वसाहतीला चार किलो साखर धरली तर साधारण ४,५०० रुपये. मधयंत्र, स्मोकर, जाळी, बादल्या यांची वर्षाची झीज १,५००. मुंग्यांचा बंदोबस्त, गाडीचे तेल आणि किरकोळ ३,५००. मधाची प्रयोगशाळेतली तपासणी ३,०००.

हे झाले ३०,०००. इथे बरेच जण वही मिटतात आणि इथेच हिशोब फसतो. तुमची मजुरी कुठे आहे? आठ-दहा दिवसांनी पेट्या पाहणे, हंगामात मधकोठ्या चढवणे, मध काढणे, पावसाआधी आवराआवर करणे, असे मिळून वर्षाला ६० दिवस तरी जातात. गावातल्या रोजंदारीचा दर ६०० धरला तर ३६,००० रुपये झाले. घरचा माणूस फुकट नसतो. तो त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात गेला असता तर त्याला पैसे मिळालेच असते. एकूण खर्च ६६,०००.

आता मध किती? हा आकडा चुकला की पुढचे सगळे चुकते, म्हणून इथे थोडे थांबू. भरलेल्या चांगल्या पेटीचे उत्पन्न घेऊन त्याला २५ ने गुणायचे नाही. वर्षभर पोसलेल्या सगळ्या पेट्या धरायच्या, रिकाम्या राहिलेल्यासुद्धा, कारण खर्च त्यांच्यावरही झालेला असतो. वजन गाळून, निवळून, फेस काढल्यानंतरचे घ्यायचे. बादलीला चिकटलेला आणि गाळणीत राहिलेला मध विकला जात नाही. आणि एका वर्षावर विसंबायचे नाही. आपल्या उदाहरणात चांगल्या वर्षी १५० किलो, मध्यम वर्षी १२० आणि वाईट वर्षी ६० किलो मध आला, म्हणजे सरासरी ११० किलो. कारवी फुललेले वर्ष या सरासरीत धरू नका. ती कित्येक वर्षांतून एकदाच फुलते, तिच्या भरवशावर दरवर्षीचा भाव काढता येत नाही.

६६,००० भागिले ११०, म्हणजे किलोला ६०० रुपये. हा तुमच्या मधाचा उत्पादनखर्च. यात मजुरी आहे, नफा नाही, बाटली नाही.

यात एक गोष्ट गुपचूप भर घालते, ती म्हणजे पाणी. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे मधात ओलावा २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सातेरीचा मध, विशेषतः घाईने काढलेला, २२-२३ टक्क्यांवर सहज जातो. चौकटीतली निदान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय ती मधयंत्रात घालू नये, ते याचसाठी. २३ टक्क्यांचा मध प्रक्रिया करून २० वर आणला, तर १०० किलोचे ९६.२५ किलो उरतात. म्हणजे प्रक्रियेचे पैसे वेगळेच, पण नुसत्या घटीने ६०० चा भाव ६२३ होतो. आणि तसाच भरला तर तो आंबतो. बाटलीत वर फेस धरतो, झाकण फुगते, कडेने चिकट ओघळ येतात, आंबूस वास सुटतो. दुकानातून अशा चार बाटल्या परत आल्या की मध, काच आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि प्रत्येक बादली भरण्याआधी मधातला ओलावा बघा. आपल्या उदाहरणातला मध वेळेवर काढलेला आहे, म्हणून ६०० च धरू.

आता बाटली. मध पाण्याच्या साधारण १.४ पट जड असतो. त्यामुळे ५०० ग्रॅम मधाला जेमतेम ३५७ मिलिलिटर जागा लागते. ५०० मिलिलिटरची बाटली घेतली तर तिच्यात ७०० ग्रॅम मावतो, आणि अर्धा किलो भरला तर गिऱ्हाइकाला बाटली अर्धवट वाटते. ३५० ची घेतली तर मध काठोकाठ येऊन झाकणाला लागतो. या दोहोंच्या मधली, ३७०-३८० च्या आसपासची शोधा, आणि शंभर बाटल्या विकत घेण्याआधी एक भरून पाहा.

५०० ग्रॅमची काचेची बाटली झाकणासकट २२ रुपये, फुटतूट १, लेबल ५, सील १, खोक्याचा वाटा ४, धुणे-वाळवणे-भरणे-चिकटवणे याची मजुरी ३, असे ३६ रुपये होतात. २५० ग्रॅमच्या बाटलीला हेच २८ रुपये लागतात, कारण बाटली लहान झाली तरी झाकण, लेबल आणि हात तेवढेच लागतात. म्हणजे अर्ध्या किलोच्या बाटल्यांत किलोमागे ७२ रुपये बांधणीला जातात आणि पाव किलोच्या बाटल्यांत ११२.

भरताना काटा एक ग्रॅम दाखवणारा हवा. काचेच्या बाटल्यांची वजने सारखी नसतात, म्हणून प्रत्येक रिकामी बाटली ठेवून काटा शून्य करायचा. ‘थोडा जास्तच जाऊ दे’ म्हणून प्रत्येक बाटलीत दहा ग्रॅम जादा घातला, तर २२० बाटल्यांत २.२ किलो मध, म्हणजे १,३२० रुपये, नुसता ओतला गेला. कमी भरणे तर गुन्हाच आहे.

आता जोडू. अर्ध्या किलो मधाचे ३००, बांधणीचे ३६ आणि स्वतः विकण्याचा खर्च, म्हणजे स्टॉलचे भाडे, येणे-जाणे, चाखायला दिलेला मध, बाटलीमागे २४. झाले ३६०.

नफा किती घ्यावा? मजुरी आधीच धरली आहे, म्हणून नफा म्हणजे तुमच्या कष्टाचा मोबदला नव्हे. तो जोखमीचा आहे आणि पेट्या वाढवण्याचा आहे. म्हणून मी त्याला एक कसोटी लावतो. वाईट वर्षाची खोट मध्यम वर्षाच्या नफ्यातून भरून निघते का?

दहा टक्के घेऊन पाहू. भाव ३९६. मध्यम वर्षी २४० बाटल्या विकल्या, ९५,०४० रुपये आले. खर्च पेट्यांचे ६६,००० आणि बाटलीमागे ६० प्रमाणे १४,४००, एकूण ८०,४००. उरले १४,६४०. वाईट वर्षी १२० बाटल्यांचे ४७,५२० आले आणि खर्च झाला ७३,२००, कारण पेट्यांचा खर्च मध कमी आला म्हणून कमी होत नाही. खोट २५,६८०. मध्यम वर्ष ती भरू शकत नाही. आता पंचवीस टक्के. भाव ४५०. मध्यम वर्षी २७,६०० उरतात, वाईट वर्षी १९,२०० ची खोट येते. भरून निघाली, वर थोडे राहिले. म्हणून या मधपाळासाठी २५ टक्के हा हावरटपणा नाही. ज्याच्या भागात उत्पन्न एवढे खालीवर होत नाही, त्याला कमी टक्क्यांतही भागेल. तेव्हा २५ हा आकडा पाठ करू नका, कसोटी वापरा.

पाव किलोचा भाव ४५० चा अर्धा, म्हणजे २२५, असा लावणारे पुष्कळ भेटतात. मधाचे १५०, बांधणीचे २८, विक्रीचे २०, एकूण खर्च १९८. नफ्यासह भाव २५० येतो. २२५ ला विकले तर नफा ५२ वरून २७ वर येतो, म्हणजे जवळजवळ अर्धा.

दुकानदाराचा हिशोब उलटा चालतो. तो एमआरपीच्या २५ टक्के मागतो. समजा पोहोचवण्याच्या १४ रुपयांसह तुमचा खर्च ३५० आणि नफ्यासह तुम्हाला हवेत ४४०. यात २५ टक्के मिळवून ५५० छापले, तर दुकानदार ५५० चे २५ टक्के म्हणजे १३७.५० ठेवतो आणि तुमच्या हाती येतात ४१२.५०. नफ्यातले २७ रुपये ५० पैसे गेले. ४४० ला ०.७५ ने भागायचे. येतात ५८७, म्हणजे एमआरपी ५९०. मग तीच बाटली तुम्ही रस्त्यावर ४५० ला विकलीत, तर दुकानदार पुढच्या वेळी माल घेणार नाही. माझे मत विचाराल तर वर्षाला २२० बाटल्या असणाऱ्याने दुकानाच्या वाटेला जाऊच नये. एवढा माल पर्यटक आणि ओळखीची गिऱ्हाइके उचलतात.

लेबलची छपाई हजाराखाली परवडत नाही आणि हजार लेबले आपल्याला चार वर्षे पुरतात. म्हणून नाव, पत्ता, एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, हिरवे चिन्ह आणि तक्रारीसाठी संपर्क एवढेच छापून घ्या. पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच, एमआरपी आणि प्रति ग्रॅम दर यांच्या जागा मोकळ्या ठेवून शिक्का मारा. ५०० ग्रॅम ४५० ला, म्हणजे ग्रॅमला ०.९० रुपये. एमआरपी आधीच छापली आणि पुढच्या वर्षी साखर महागली, तर त्यावर जास्त किमतीचा स्टिकर लावता येत नाही. नियम फक्त किंमत कमी करण्यासाठी स्टिकर लावू देतो, आणि तोही जुनी किंमत न झाकता. उरलेली ७८० लेबले मग रद्दीत.