पंपाची चिठ्ठी आणि लाईट बिल

[दृश्य : दारव्ह्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी. मग घराचं अंगण, दोन स्कूटर.]

निवेदन :
यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. या घरातले वडील दारव्ह्यातल्या एका कृषी केंद्रात हिशेब लिहितात. जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर, महिन्याला साधारण हजार. आधी हा रस्ता त्यांनी पेट्रोलच्या स्कूटरवर काढला, आता बॅटरीच्या. माणूस हिशेबाचा असल्यामुळे पंपाच्या चिठ्ठ्या फेकलेल्या नाहीत.

[क्लोजअप : डायरीत टाचलेल्या चिठ्ठ्या, शाई उडालेली.]

अॅव्हरेज काढायची त्यांची रीत साधी आहे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकत राहिलं की हा हिशेब कधीच लागत नाही. हजार किलोमीटरला पेट्रोल लागलं २२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर २,३१० रुपये. ऑइल, बेल्ट, प्लग, सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरमागे आणखी पंचवीस-तीस पैसे. म्हणजे किलोमीटर पडला दोन रुपये साठ पैशांना.

[दृश्य : चार्जरच्या सॉकेटजवळ लावलेलं छोटं मीटर.]

आता वीज. स्कूटरचा स्क्रीन सांगतो, हजार किलोमीटरला ३० युनिट. भिंतीवरचं मीटर सांगतं ३५. खोटं कोणीच बोलत नाही. मधले पाच युनिट चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णता होऊन जातात. पण महावितरण बिल भिंतीवरच्या युनिटांचं लावते, स्क्रीनवरच्या नाही.

खरी गंमत बिलाच्या पायऱ्यांत आहे. २०२४-२५च्या घरगुती दरांनी पहिल्या १०० युनिटला वहन आकार आणि वीज शुल्क धरून पावणेसात-सात रुपये पडत. त्यापुढच्या युनिटला तेरा रुपयांच्या वर. घराचा वापर होता ८५ युनिट. स्कूटरचे ३५ आले, बिल गेलं १२० वर. म्हणजे पंधरा युनिट स्वस्तात, वीस महागात.

वडील :
"शंभरच्या वर गेलं का दर बदलते, हे मले माहीतच नव्हतं. पयलं बिल आलं तवा मी मीटरवरच संशय घेतला न भाऊ."

निवेदन :
तरी वाढ झाली ३७० रुपयांची. ज्या घरात कूलर-फ्रिजमुळे वापर आधीच शंभरावर आहे, तिथे हेच ३५ युनिट ४६५ रुपयांना पडतील. काहीही धरा, २,३१० पुढे रक्कम लहानच. इथवरचा हिशेब शोरूमवालाही आनंदाने करून देतो. पुढचा देत नाही.

[क्लोजअप : बॅटरीच्या वॉरंटीचा कागद, बारीक अक्षरांतली ओळ.]

या कागदावर लिहिलंय : तीन वर्षं किंवा ३० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. वडिलांची धाव वर्षाला १२ हजार. म्हणजे त्यांची 'तीन वर्षं' अडीच वर्षांतच संपतात. नव्या बॅटरीचं डीलरने लेखी दिलेलं कोटेशन आहे ६० हजारांचं.

वॉरंटी संपल्या संपल्या बॅटरी गेली, तर किलोमीटरमागे दोन रुपये बॅटरीचेच. त्यात विजेचे ३७ पैसे मिळवा. पेट्रोलच्या दोन-साठपुढे फायदा उरतो अवघा तेवीस पैशांचा. तीच बॅटरी ६० हजार किलोमीटर टिकली, तर बॅटरी आणि वीज मिळून खर्च एक रुपया ३७ पैशांवर येतो. सारा फरक या एका आकड्यावर आहे. म्हणून काही कंपन्या आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंतची वॉरंटी देतात, ती जादा पैसे भरूनही रोज लांब जाणाऱ्याला परवडते.

वॉरंटीत आणखी एक मेख असते. बॅटरी थोडी उतरली म्हणून कोणी बदलून देत नाही. बऱ्याच कागदांत क्षमता ७० टक्क्यांखाली जावी लागते, आणि ती मोजणार त्यांचंच सर्व्हिस सेंटर. पूर्वी ९० किलोमीटर जाणारी गाडी ७० वर आली, तर त्रास खरा, पण दावा बसत नाही. दुसराच चार्जर वापरला, किंवा बाहेर बॅटरी उघडली, तरी दावा गेला. त्यामुळे वडिलांनी ठरवलंय, २८ हजारांवर काटा आला की यवतमाळला नेऊन तपासणी करायची आणि टक्केवारी कागदावर लिहून घ्यायची.

[दृश्य : दुपार, टिनाच्या शेडमध्ये स्कूटर, प्लग काढलेला.]

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाखाली तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावली, तर कधी कधी ती चार्जिंगच घेत नाही. बॅटरीतली यंत्रणा थंड होईपर्यंत थांबते. तो बिघाड नाही. इथे प्लग रात्री जेवणं झाल्यावर लागतो.

शेजारच्या काकांनीही हा हिशेब मांडून पाहिला. त्यांचं जाणं शेतापुरतं, रोज आठ किलोमीटर. महिन्याला वाचतील साडेचारशे-पाचशे. तीन वर्षांत त्यांची गाडी नऊ हजार किलोमीटरसुद्धा धावणार नाही, पण वॉरंटी मात्र तारखेने संपेल, आणि बॅटरी उभ्या गाडीतही म्हातारी होते. काकांनी जुनी पेट्रोलचीच ठेवली, फक्त टायर बदलले.