रोज एक की आठवड्याला तीन?

श्रोतेहो, नमस्कार. समाजमाध्यमांवर रोज एक छोटी रील टाकावी, की आठवड्यात तीनच पण कसदार टाकाव्यात, हा प्रश्न आता कोकणातल्या घराघरांत निघू लागला आहे. कारण कोणाची सून मालवणी स्वयंपाकाच्या रील करते, तर कोणाचा मुलगा आंब्याच्या बागेच्या. आज मी एकाच उदाहरणाविषयी बोलणार आहे, आणि ते माझ्या भाचीचे आहे.

ती मालवणजवळ राहते. एका दिवाळीनंतर तिने इन्स्टाग्रामवर रोज अर्ध्या मिनिटाची रील टाकायला सुरुवात केली. विषय सोपा होता: आज होड्या लागल्या, त्यांतून काय आले, आणि त्यातले एक घरी कसे शिजले. बांगडा, सुरमई, तिसऱ्या, मोरी, जे मिळेल ते. (सुरमईचे कौतुक जरा जास्तच होते, असे माझे मत आहे, ताज्या बांगड्याच्या तिखल्यापुढे ती फिकीच.) लिलावाचा मूळ आवाज ती तसाच ठेवत असे, हे मला विशेष आवडे, कारण हल्ली समुद्राच्या प्रत्येक चित्रणावर कसलेतरी धडधडणारे संगीत चढवण्याची जी खोड लागली आहे, तिच्यामुळे किनाऱ्याचा आवाजच ऐकू येईनासा झाला आहे.

मे महिन्यापर्यंत सारे उत्तम चालले. मग १ जून आला. आपल्याला ठाऊकच आहे की १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, लिलाव थांबला, आणि रोजच्या रीलचा विषयच संपला. तरी रोज टाकायचे हे व्रत तिने सोडले नाही. कधी पागोळ्या, कधी चहाची वाफ, कधी ओट्यावरचे मांजर. वीज गेली की मोबाईलचे चार्जिंग संपे, आणि नेटवर्क आले की रात्री अकराला घाईने काहीतरी टाकले जाई.

याच काळात तिच्या लक्षात आले की, रोज नेमाने दोन शब्द लिहिणारी माणसे गप्प झाली आहेत. त्यांतल्या एक बाई मूळच्या आमच्याच वाडीतल्या, आता मुंबईला असतात. गणपतीला त्या गावी आल्या, तेव्हा भाचीने त्यांना सरळ विचारले, "काकी, माझा काय चुकला?" त्या म्हणाल्या, "चुकूक काय नाय गो बाय. पण तू रोज येतंस, म्हणान आज नाय बघलंय तरी चलता असा वाटता. उद्या बघूया म्हणतंय, आणि उद्या दुसरा येता." त्यांनी भाचीला सोडले नव्हते, तिच्यावर रागही धरला नव्हता. त्या फक्त पुढे सरकत होत्या.

प्रेक्षकांचा कंटाळा बहुतेक वेळा असाच येतो, आणि म्हणून तो ओळखणे कठीण जाते. खाते सोडणाऱ्यांचा आकडा आपल्याला दिसतो. पण कोणी आपल्याला म्यूट केले, तर ते इन्स्टाग्राम आपल्याला कळवत नाही. सरकून पुढे जाणाऱ्यांची मोठी खूण म्हणजे सरासरी पाहण्याचा वेळ घसरणे. इन्स्टाग्राम सगळ्यांना सगळे दाखवत नाही, ते क्रम लावते, आणि त्या क्रमात रील किती वेळ पाहिली गेली याला मोठे वजन असते. म्हणजे मांजराची रील लोकांनी दोन सेकंदांत सरकवली, तर तिचा तोटा तिच्यापुरताच राहील अशी खात्री नसते. त्याच माणसांपुढे पुढची चांगली रीलही मागे पडू शकते. पुन्हा सांगते: रोज टाकले म्हणजे रोज दिसले, असे होत नाही.

पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत भाचीने हिशेब मांडला. चार आठवडे रोज एक छोटी रील, आणि नंतरचे चार आठवडे आठवड्याला तीन, दीड मिनिटाच्या, पूर्ण पाककृतीसह. हे महिने निवडण्याचे कारण असे की, श्रावणात किंवा मार्गशीर्षात मासळीच्या रीलची परीक्षा घेतली, तर ती उपासाचीच परीक्षा ठरते. तुलनाही तिने रीलमागे न करता आठवड्यामागे केली, आणि ते महत्त्वाचे आहे. कारण कमी टाकले की प्रत्येक रीलचे आकडे सहसा फुगलेले दिसतात आणि माणूस फसतो.

रोजच्या रीलला प्रत्येकी सुमारे १,५०० वेळा पाहिले गेले, म्हणजे आठवड्याचे साधारण १०,५००. तीनवाल्या रीलला प्रत्येकी सुमारे ३,०००, म्हणजे आठवड्याचे ९,०००. इथे थांबलो असतो, तर रोजचा मार्ग जिंकला असता. पण रील जपून ठेवणारे आणि दुसऱ्याला पाठवणारे मिळून रोजच्या मार्गात आठवड्याला १४० होते, तर तीनच्या मार्गात २६०. पाककृती जपून ठेवणारा माणूस ती करून पाहण्याच्या विचारात असतो, आणि भाची घरगुती मालवणी मसाला विकते, त्यामुळे तिच्या दृष्टीने हाच आकडा कामाचा होता.

आता तिच्या शक्तीचा हिशेब. रोजच्या रीलला पन्नास मिनिटे, म्हणजे आठवड्याचे जवळजवळ सहा तास. मोठ्या रीलला दोन तास, म्हणजे तेही सहाच. तास सारखे, पण थकवा सारखा नव्हता. विषय ठरवणे, ओटा आवरून उजेड पाहणे, मजकूर लिहिणे, आलेल्या प्रश्नांना उत्तरे देणे हे काम रील अर्ध्या मिनिटाची असली तरी टळत नाही, आणि रोजच्या मार्गात ते सात वेळा करावे लागते. शिवाय तीन रीलचे चित्रीकरण तिला एकाच दिवशी उरकता येई आणि उरलेल्या दिवसांत डोक्याला विश्रांती मिळे. रोजच्या मार्गात सुट्टीचा दिवसच नव्हता.

तरीही रोजचे सगळेच तिने टाकून दिले नाही. आज काय आले आणि काय भाव निघाला, ही बातमी उद्या शिळी होते. ती रोजच द्यायला हवी, पण स्टोरीमध्ये, जी चोवीस तासांनी आपोआप निघून जाते आणि जिला ना ओटा आवरावा लागतो ना मजकूर लिहावा लागतो. ज्याचे आयुष्य एक दिवसाचे, ते स्टोरीत. जे पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल, ते तीन रीलमध्ये.

वारही तिने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे धरले. सोमवारी आणि गुरुवारी कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खाण्याचे वार. म्हणून रील आदल्या संध्याकाळी येते, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात जाणाऱ्याच्या ती हाताशी असते. हे वेळापत्रक तिने खात्यावर सर्वांत वर लावून ठेवले, तेव्हा "आज काही नाही का?" असे विचारणारे काही दिवसांतच थांबले.

बंदीच्या काळाची सोयही तिने मे महिन्यातच करून ठेवली. त्या ६१ दिवसांत रोजच्या मार्गाने ६१ विषय लागले असते. तीनच्या मार्गाने २६ पुरतात, आणि सुकट, सोडे, सुके बांगडे, सोलकढी आणि पावसाळी भाज्या मिळून तेवढे सहज निघाले.