जादा कामाची सूचना: कामाआधी आणि लेखी

श्रोतेहो, नमस्कार. घराच्या नूतनीकरणात मालक आणि कंत्राटदार यांच्यात सर्वाधिक कटुता येते ती शेवटच्या बिलावरून, कारण मधल्या काळात तोंडी ठरलेले बदल त्या दिवशी प्रथमच आकड्यांच्या रूपात समोर येतात. मी स्वतः कंत्राटदार आहे. एका घरी भिंतीच्या टाईल्स वाढवण्याचे काम मी केवळ शब्दावर केले आणि त्याचे पैसे मागताना मालकांना झालेला मनस्ताप पाहिला, तेव्हापासून जादा कामाची सूचना आधी लेखी दिल्याशिवाय मी हात लावत नाही.

तेच उदाहरण घेऊ. न्हाणीघर 8 फूट लांब आणि 5 फूट रुंद, म्हणजे चारही भिंतींची मिळून लांबी 26 फूट. करारात टाईल्स 7 फुटांपर्यंत होत्या. मालकांना त्या 9 फुटांवरच्या छतापर्यंत हव्या झाल्या. वाढीव पट्टा 52 चौरस फूट, त्यातून 3 चौरस फुटांचा झरोका वगळला की उरतात 49. कापण्यात वाया जाणारा दहा टक्के माल धरून खरेदी सुमारे 54 चौरस फुटांची होते. मजुरी मात्र 49 चौरस फुटांचीच लावायची.

आता एक गोष्ट, जी बहुतेक सूचनांमध्ये राहून जाते. त्याच 49 चौरस फुटांवर मूळ अंदाजपत्रकात पुट्टी आणि रंग धरलेला होता. ते काम आता होणार नाही, म्हणून त्याची रक्कम वजा झालीच पाहिजे. ज्या सूचनेत केवळ वाढ आहे आणि वजावट नाही, ती मालकांनी निःसंकोच परत पाठवावी.

सूचनेला क्रमांक आणि तारीख असावी. बदल कोणी सुचवला, मोजमाप, मूळ करारातलाच दर, वजावट, निव्वळ वाढ, वाढणारे दिवस आणि कामाची नवी एकूण रक्कम एवढे त्यात यावे. करारात नसलेल्या कामाचा दर सामान आणि मजुरी वेगवेगळी दाखवून मांडावा. उत्तराची मुदतही कारणासह लिहावी, कारण टाईल्स उशिरा मागवल्या तर त्याच लॉटच्या मिळतीलच असे नाही आणि रंगछटेतला फरक भिंतीवर लगेच दिसतो.

मालकांनी प्रथम मोजमाप जागेवर ताडून पाहावे, मग मंजूर, नामंजूर किंवा दुरुस्तीसह परत, यांपैकी एक लिहून सही करावी. दुरुस्त सूचनेला नवा क्रमांक द्यावा. मोबाईलवर नुसते ‘ओके’ आले, तर ते कोणत्या आकड्याला होते हे पुढे सांगता येत नाही. उत्तर येईपर्यंत तेवढाच भाग थांबवावा, बाकीचे काम चालू ठेवावे, आणि मुदत संपली तरी मौनाला संमती समजू नये. मूळ करारातले काम कायम राहते.

अखेरच्या बिलात प्रत्येक वाढीव रकमेसमोर तिच्या मंजूर सूचनेचा क्रमांक असावा. ज्या रकमेसमोर क्रमांक नाही, ती मी मागत नाही.