दोन ते पाच : पंपगृहाच्या तक्त्यातली चार रिकामी घरं

[दृश्य : नदीकाठचं पंपगृह, सकाळची वेळ. मग संगणकावर कालच्या दिवसाचा तक्ता.]

पाणीपुरवठा विभागात सकाळी साहेब आल्या आल्या हा तक्ता मागतात. काल किती पाणी उचललं, पंप किती तास चालले, टाक्या भरल्या का, हे सगळं त्यातून कळतं. आज आपण अशाच एका पंपगृहाचा एक दिवस उदाहरण म्हणून घेणार आहोत. हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे सुटसुटीत ठेवलेत.

इथे दोन पंप चालतात. दोन्ही मिळून तासाला ९०० घनमीटर पाणी ऊर्ध्ववाहिनीत ढकलतात. वाहिनीवर फ्लो मीटर बसवलेला आहे आणि दर तासाच्या ठोक्याला स्काडाकडे, म्हणजे दुरून नोंदी गोळा करणाऱ्या संगणक यंत्रणेकडे, त्याचे दोन आकडे जातात. पहिला आकडा त्या क्षणीच्या प्रवाहाचा. दुसरा टोटलायझरचा, म्हणजे मीटर बसवल्यापासून आजवर एकूण किती पाणी गेलं त्याचा. बहुतेकांची नजर पहिल्यावरच असते. आपल्याला आज दुसरा लागणार आहे.

[दृश्य : तक्ता जवळून. पहाटे २, ३, ४ आणि ५ ची घरं रिकामी.]

रात्री एकला ९००. सकाळी सहाला ९००. मधली चार घरं रिकामी. दोन्ही टोकांना एकच आकडा आहे, तेव्हा मध्येही तोच भरावा असं कुणालाही वाटेल. आलेख सरळ दिसतो, अहवाल पूर्ण होतो, कुणी काही विचारत नाही. दिवसाची बेरीज येते २१,६०० घनमीटर.

दुसरा कुणी म्हणेल, आपल्याला ठाऊक नाही ते भरायचंच कशाला? घरं तशीच ठेवा. हा माणूस प्रामाणिक आहे, पण खाली बेरजेचं सूत्र बसलेलं आहे.

```
=SUM(C2:C25)
=AVERAGE(C2:C25)*24
```

एक्सेलमधलं पहिलं सूत्र रिकामी घरं सोडून देतं. बेरजेच्या दृष्टीने ते चार तास शून्य झाले आणि उत्तर आलं १८,०००. दुसरं सूत्र उरलेल्या वीस तासांची सरासरी चोवीस तासांना लावतं आणि पुन्हा २१,६०० वर येतं. म्हणजे कुणी हाताने काही भरलं नाही, तरी सूत्रानेच भरून टाकलं.

[दृश्य : पंपगृहाच्या आत. भिंतीवर पॅनेल, टेबलावर ऑपरेटरची लॉगबुक.]

खरं काय घडलं ते या वहीत आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरने लिहिलंय : १.४० ला लाईट गेली. ४.१० ला आली. पंप सुरू केले.

सकाळी कनिष्ठ अभियंता फोन करतो, "काका, पाचचं रीडिंग का नाही आलं? तेव्हा तर लाईट होती."

"साहेब, पंप चालू होते, पण मोडेमला रेंजच धरत नव्हती. साडेपाचला बंद करून चालू केला, तेव्हा लागला."

या दोन वाक्यांत आपल्या विषयाची गाठ आहे. २, ३ आणि ४ ची घरं रिकामी राहिली ती वीज गेल्यामुळे. नोंदी पाठवणाऱ्या यंत्राची यूपीएस बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे पंपांबरोबर तेही बंद पडलं. पाचला मात्र पंप चालत होते आणि फक्त संपर्क तुटलेला होता. तक्त्यात चारही घरं सारखीच दिसतात.

म्हणूनच आजूबाजूचे आकडे पाहून मधला भरणं पंपगृहात इतकं धोक्याचं आहे. नोंद गायब होते ती बऱ्याचदा वीज गेलेली असताना, म्हणजे नेमकी पंप बंद असताना. आजूबाजूचे तास मात्र पंप चालू असतानाचे असतात.

[दृश्य : फ्लो मीटरचा डिस्प्ले, आकडे पुढे सरकताना.]

आता टोटलायझर पाहू. रात्री एकला त्याच्यावर होतं ४८,२१,३००. सकाळी सहाला ४८,२३,५१०. फरक २,२१० घनमीटर. त्या पाच तासांत पाणी गेलं ते एवढंच, भरलेल्या तक्त्याप्रमाणे ४,५०० नाही.

हा आकडा वहीशी ताडून बघू. एक ते एक चाळीस, ४० मिनिटं. चार दहा ते सहा, एक तास ५० मिनिटं. मिळून अडीच तास, म्हणजे २,२५० घनमीटर. चाळीसचा फरक पडतो, आणि तो पडायलाच हवा. वीज आल्यावर दोन्ही पंप एकदम सुरू करत नाहीत. एक सुरू होतो, डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात, मग दुसरा. त्यात पाचएक मिनिटं जातात. तिसरा साक्षीदार विजेचा मीटर. एरवी हे पंप तासाला सुमारे २१० युनिट घेतात, त्या पाच तासांत मिळून ५३० युनिट पडले. अडीच तासांचेच.

एकूण दिवसाचा आकडा मग १९,३१० घनमीटर. मधली घरं भरली असती तर २,२९० घनमीटर जास्तीचे लागले असते. माणशी १३५ लिटर धरले तर हे जवळपास १७ हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी. ते कागदावर पंपगृहातून निघालं असतं आणि टाकीत कधी पोहोचलंच नसतं. मग गळती शोधायला माणसं वाहिनीच्या कडेने फिरली असती, कदाचित चांगला रस्ताही खणला गेला असता.

दिवसाच्या बेरजेसाठी ती चार घरं लागतच नाहीत. कालच्या मध्यरात्रीचा टोटलायझर आणि आजच्या मध्यरात्रीचा, बस्स.

```
=D26-D2
=IF(COUNT(C2:C25)<24,"अपूर्ण",SUM(C2:C25))
```

पहिली ओळ D रकान्यातल्या टोटलायझरवरून दिवसाचं पाणी देते. दुसरी ओळ तासांच्या रकान्याखाली टाकायची, म्हणजे एक जरी नोंद कमी असली तरी बेरीज येणारच नाही.

तासांची घरं मात्र रिकामीच ठेवावीत. २,२१० हा आकडा पाच तासांचा मिळून आहे. त्याला पाचाने भागून प्रत्येक तासाला ४४२ लिहिलं, तर बेरीज जुळेल, पण दोन पंपांऐवजी एकच पंप सलग पाच तास चालल्यासारखं दिसेल. वीज गेल्याची खूणच पुसली जाईल. तासवार आकडे हवेच असतील, तर लॉगबुकवरून काढावेत, वेगळ्या रंगात द्यावेत आणि शेजारी 'लॉगबुकवरून' असं लिहावं.

[दृश्य : दुसऱ्या एका दिवसाचा तक्ता. ९०३.४, ९०३.४, ९०३.४, ९०३.४.]

याहून फसवी अवस्था ही. घर एकही रिकामं नाही. पण चालत्या पंपाचा प्रवाह कधी दशांशापर्यंत तासन् तास सारखा राहत नाही, तो ८९७, ९०५ असा हलत असतो. संपर्क तुटल्यावर काही ठिकाणी स्काडा शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा लिहीत राहतो. टोटलायझरही त्याच जागी थांबलेला दिसला, तर या नोंदी रिकाम्या समजूनच पुढे जायचं.

टोटलायझरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. मीटरचा फ्यूज उडाला आणि पंप चालू राहिले, तर पाणी जातं आणि आकडा सरकत नाही. मीटर बदलला तर फरक उणे येतो. अशा दिवशी विजेचे युनिट आणि पंपांचे तास धरून अंदाज काढावा लागतो, आणि अहवालात त्याला अंदाजच म्हणावं लागतं. नोंदी रात्री अकरापासून दोनपर्यंत गेल्या, तर मध्यरात्रीचाच आकडा हातात नसतो. तेव्हा दोन दिवसांची बेरीज पक्की असते, वाटणी नाही. ती तशी एकत्रच द्यावी.

[दृश्य : छापील अहवाल, शेरा रकाना.]

आपल्या उदाहरणातल्या दिवसाचा शेरा असा : 'एकूण १९,३१० घनमीटर, टोटलायझरवरून. ०२ ते ०५ तासवार नोंद नाही. वीज खंडित १.४० ते ४.१०, लॉगबुकनुसार. त्यानंतर संपर्क खंडित. यूपीएस बॅटरी बदलणे आवश्यक.'